पंधरावी पीन

नाव : सुपडू जीवराम बोरसे. पद : शिपाई, वर्ग चार. वय : अठ्ठावन्न वर्षे सात महिने. शिक्षण : सातवी, अनुत्तीर्ण. यंत्रसामग्रीचे ज्ञान : निरंक. वर्तणूक : उद्धट असल्याचे तोंडी समजते. ठपका : सदर इसमाने शासकीय संगणकाच्या पडद्याची वायर हाताळताना तीमधील पीन, नग एक, गहाळ केली, त्यायोगे पडदा काळा पडून शासकीय कामकाजाचा खोळंबा झाला. खाली ठिपक्यांची एक ओळ, आणि ओळीखाली : ‘वरील मजकूर वाचून दाखवला, तो मला मान्य आहे.’

हा कागद धुळ्यातल्या एका सरकारी कार्यालयात १९९६ सालच्या नोव्हेंबरात तयार झाला. कार्यालयाचं नाव सांगून उपयोग नाही. धुळ्यात तशी बरीच आहेत आणि प्रत्येकाला तो आपलाच उल्लेख वाटेल.

संगणक आला होता जूनमध्ये. जळगावचा चुडामण नावाचा मेकॅनिक तो एस.टी.तून मांडीवर घेऊन आला, टेबलावर मांडला, पडद्याची वायर संगणकाच्या डब्याच्या मागे खोचली आणि तिच्या दोन्ही कडांचे बारीक पेच बोटांनी आवळले. जाताना म्हणाला, “पेच सैल ठेवू नका आणि वायर सारखी काढू-घालू नका. बाकी काही नाही.” त्याला चहा पाजण्यात आला.

दुसऱ्या दिवशी उपअभियंता देवरेसाहेबांनी दोन आदेश काढले. पहिला : पडदा ही मौल्यवान जडवस्तू असल्याने शिपायाने तो रोज संध्याकाळी लोखंडी कपाटात ठेवावा व सकाळी टेबलावर आणावा. दुसरा : प्रशिक्षण न झालेल्या कोणीही संगणकाला हात लावू नये.

सुपडूभाऊंनी दोन्ही आदेश ऐकून घेतले आणि विचारलं, “साहेब, हात न लावता उचलू कसा?”

“कामापुरता लाव,” साहेब म्हणाले.

तर हे कामापुरतं पाच महिने चाललं. पडदा चांगला बारा-तेरा किलोचा. वायर त्याच्या पाठीतूनच निघालेली, ती शेपटीसारखी लोंबायची. पहिले पंधरा दिवस सुपडूभाऊ रोज सकाळी दोन्ही पेच आवळायचे, संध्याकाळी सोडायचे. मग एकदा साहेब खेकसले, “रोज काय ते पेच पिळत बसतोस? खोच आणि हो बाजूला.” त्या दिवसापासून वायर नुसती खोचलेली राहू लागली. साहेबांचा शब्द होता. पेचांना आपला शब्द नव्हता.

आता हे साहेबांना ठाऊक नव्हतं, आणि ‘निरंक’ लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, की सुपडूभाऊंनी ऐंशीच्या दशकात टी.व्ही. आणि व्हिडिओ भाड्याने फिरवला होता. नोकरी सांभाळून, शनिवारी-रविवारी. साक्रीकडची खेडी, दोंडाईचाच्या अलीकडची गावं. लग्न, बारसं, गणपती, काहीही. चौकात दोनशे माणूस गोणपाटावर बसलेलं, पडद्यावर मारामारी ऐन रंगात, आणि चित्र गायब. पहिल्या मिनिटाला शिट्ट्या, दुसऱ्याला आईबहिणीवरून, तिसऱ्याला ढेकळं. त्या तीन मिनिटांत सुपडूभाऊ शिकले. टी.व्ही. मरत नाही, वायर मरते. आधी दिवा बघायचा. दिवा जळतोय म्हणजे करंट आहे. मग वायर टोकापाशी हलक्या हाताने हलवायची. चित्र ये-जा करतं का बघायचं. करत असेल तर रोग तिथंच. अंधारात, बोटांच्या टोकांनी, डोक्यावर ढेकळं पडत असताना जो हे शिकतो त्याला प्रमाणपत्र कोणी देत नाही. म्हणून निरंक.

ऑक्टोबरात पडदा लुकलुकायला लागला. पुष्पाबाई संगणकावर बसायच्या. त्या मूळच्या टंकलेखिका, मुंबईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या. त्यांनी टेबलाचा खण जोरात लावला की चित्र थरथरायचं. सुपडूभाऊ म्हणाले, “बाई, पेच आवळू का?” पुष्पाबाईंनी साहेबांच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “नको हो भाऊ. उगाच आरडाओरडा.”

मग बारा नोव्हेंबर उजाडला. त्या दिवशी सुपडूभाऊ अर्ध्या रजेवर होते. त्यांच्या बायकोची, धुरपदाबाईंची, डावी बाजू दोन वर्षांपासून गेलेली. तिला सिव्हिलमध्ये न्यायचं होतं. एरवीही ते दुपारी एकला सायकलने देवपुरात घरी जायचे, तिला भरवायचे, दोनला परत यायचे. तर त्या सकाळी पडदा साहेबांनी स्वतः कपाटातून काढला. घाई होती, तक्ता छापायचा होता. वायर उलटी धरली, ती जाईना. सुलटी केली, पण तिरकी. आणि जाईना म्हणून तळहाताने ठोसून बसवली.

चित्र आलं, पण पांढरं होतं ते सगळं पिवळं दिसायला लागलं. सुपडूभाऊ वायर निरखायला लागले की साहेब म्हणायचे, “नुसती खोच.” चार दिवसांनी पिवळं चित्रही गेलं. पडदा काळा.

नाशिकहून वरिष्ठ साहेब शुक्रवारी पाहणीला यायचे होते. संगणकीकरण पाहायचं होतं त्यांना. देवरेसाहेबांनी मंगळवारी जडवस्तू संग्रह नोंदवही मागवली, वायर उपसली आणि स्वतः मोजणी केली. डब्याच्या बाजूला छिद्रं पंधरा. वायरच्या तोंडात पिना चौदा. मधल्या ओळीत एक जागा सरळसरळ रिकामी. साहेबांचा चेहरा उजळला. चोरी सापडली की सरकारी माणसाला जी शांती मिळते, ती इतर कशात नाही. नोंदवहीत तांबड्या शाईने नोंद झाली : ‘पीन, नग एक, कमी.’

गुरुवारी दुपारी साडेबाराला साहेबांनी कागद पुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं.

“सही कर आणि मोकळा हो.”

“आणि नाही केली तर?”

“साक्रीला एक जागा रिकामी आहे. सोमवारी हजर व्हायचं.”

साक्री बसने दीड तास. सकाळी जा, रात्री या. दुपारचं एकचं भरवणं कोण करणार, हा प्रश्न कोणत्याही आदेशात बसत नव्हता. सही केली तर एकोणतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात शेवटी ठपका. नाही केली तर धुरपदाबाई उपाशी. सुपडूभाऊंनी कागद वाचला. ‘यंत्रसामग्रीचे ज्ञान : निरंक’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

ते कार्यालयात मराठी बोलायचे. संतापले की अहिराणी.

“साहेब, पीन काय मी खादी का?”

“उद्धटपणा नको.”

“नही, इचारी राहिनू. मना घरमा दखी ल्या. भाकरीमा टाकी व्हई ती धुरपदानी.”

“सुपडू! पडदा बंद पडलाय, आणि तू—”

“पडदा बंद नही शे!” सुपडूभाऊंनी टेबलावर अशी थाप मारली की पेन कागदावरून घरंगळून खाली गेलं. “पाच महिना मी तेले पोरसारखा उचलस. तेना दिवा दखा. जळी राहिना ना? करंट येस, चित्र येत नही. बठ्ठी भानगड वायरमा शे. हात लावू नको म्हनतस, नि वायर तुम्हीच ठोसतस!”

साहेब लालबुंद. “कोणी ठोसली?”

उत्तर पुष्पाबाईंकडून आलं. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. मान खालीच होती, पण आवाज स्पष्ट निघाला. “बारा तारखेला, साहेब. तुम्ही बसवली. भाऊ अर्ध्या रजेवर होते. हजेरीपटावर आहे.”

सुपडूभाऊंनी परवानगी मागितली नाही. आधी पडद्याचं बटण बंद केलं, मग संगणकाचं, मग भिंतीवरचं. वायर सरळ मागे ओढून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. करदोड्याला किल्ल्यांबरोबर काटे काढायचा चिमटा होता. खेड्यातल्या बाभळींनी लावलेली सवय. वरच्या ओळीतली तिसरी पीन शेजारणीकडे कलंडली होती. त्यांनी चिमट्याने ती धरली आणि श्वास रोखून, केसभर-केसभर, उभी केली. घाई केली तर अशी पीन तुटते, आणि मग खरोखरच चौदाच्या तेरा होतात. साहेब डोक्यावर उभे होते. “तुटली तर तू जबाबदार!”

“उजेड सोडा,” सुपडूभाऊ म्हणाले. साहेब बाजूला झाले.

वायर सरळ खोचली. दोन्ही पेच आवळले. आधी एक थोडा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. बटणं चालू केली. काच पाच-सात सेकंद काळीच राहिली आणि साहेब काहीतरी म्हणणार एवढ्यात अक्षरं उमटली. पांढरं ते पांढरं. सुपडूभाऊंनी पुष्पाबाईंचा खण धाडकन लावला. दोनदा. चित्र हललं नाही.

“रिकाम्या जागेचं काय?” साहेबांचा आवाज खाली आला होता, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही.

“तिथं पीन कधी नव्हतीच.”

“कशावरून?”

याचं उत्तर दुपारी तीनला आलं. चुडामणला साहेबांनीच फोन करून बोलावलं होतं, तो एस.टी.तून उतरून घामाघूम आत शिरला. त्याने पेच सोडून वायर पाहिली आणि हसला. “अहो साहेब, त्या जागेला पीन कंपनीच ठेवत नाही. तिचं काही काम नसतं. जळगावात माझ्याकडे सहा पडदे पडलेत, सगळ्यांना चौदाच.” मग सरळ केलेल्या पिनेवरून नख फिरवून म्हणाला, “ही कोणी केली? आमच्याकडची पोरं असल्या दोन तोडतात.”

सुपडूभाऊ तेव्हा तिथं नव्हते. पीन उभी करण्यात अडीच वाजले, ते एकला जाऊ शकले नव्हते, म्हणून पावणेतीनला सायकल काढून देवपुरात गेले होते. रजेचा अर्ज न देता.

शुक्रवारी नाशिकचे वरिष्ठ आले, अर्धा मिनिट पडद्याकडे पाहिलं, “छान” म्हणाले आणि जेवायला गेले. साक्रीचा आदेश निघाला नाही, कारण त्यात कारण लिहावं लागलं असतं. कबुलीचा कागद सहीविना फायलीला लागला. चुडामणने कंपनी पीन ठेवत नसल्याचं लेखी दिलं. परंतु जडवस्तू नोंदवहीतली तांबडी नोंद वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय खोडता येत नाही, आणि मंजुरी मागायची तर नोंद कशी झाली ते सांगावं लागतं. पडदा कपाटात नेण्याचा आदेशही रद्द झाला नाही. सुपडूभाऊ संध्याकाळी साडेपाचला पडद्यावर एक टॉवेल टाकून घरी जाऊ लागले. कोणी काही म्हटलं नाही.

दरवर्षी एकतीस मार्चला पडताळणी होते आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं जातं : ‘पीन, नग एक, अद्याप अप्राप्त. शोध चालू.’

पडदा चालू आहे.