खुंट्याची टेकडी

सुभेदारांना जवान पाठीमागे 'खुंटा' म्हणत. प्रशिक्षण केंद्रामागच्या टेकडीवर ते एकदा रोवले गेले, की त्यांना हलवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. सरावाच्या लढाईत त्यांनी ती टेकडी कधीच गमावली नव्हती. निवृत्तीआधीचा हा शेवटचा सराव. टेकडी राखूनच घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

हल्ला करणारी लेफ्टनंट त्यांचीच विद्यार्थिनी. वर्गात ते तिला सांगत, "मॅडम, आम्ही खड्ड्यात, नुसतं डोकं वर. तुम्ही उघड्यावर, चढ चढताय. काही माणसं आम्हाला दाबून ठेवायला मागून गोळ्या झाडणार, बाकीची धापा टाकत धावणार. वर पोचेपर्यंत उरणार कोण? म्हणून तिप्पट माणसं आणा, नाहीतर नुसतं चहाला या."

या वेळी तिला मिळाली सुभेदारांच्याइतकीच माणसं. सुभेदार मनातल्या मनात मांडे खाऊ लागले. मागच्या कड्याच्या वर त्यांनी नेहमीसारखे खोटे खंदक खणले, त्यांवर जाळ्या पसरल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, तिथे पलटणच बसलीय. खरे जवान मात्र पुढच्या उतारावर. हल्ल्याची नेहमीची वेळ पहाटेची, म्हणून अंधारातच सगळे बंदुका रोखून बसले. कुणी फिरकलं नाही. एक ड्रोन तेवढं वर गुणगुणून गेलं.

ऊन चढलं तसे जवान सैलावले. कुणी दाढीला बसला, कुणी बंदूक उघडून पुसायला घेतली. तेवढ्यात पुढच्या उताराखालून धूर आणि खोट्या गोळ्यांचा धडाका. सगळे तिकडे तोंड करून धावले, आणि लेफ्टनंटची बहुतेक माणसं दोरांवरून कडा चढून पाठीशी येऊन उभी राहिली. पंचांनी शिट्टी वाजवली. टेकडी गेली.

 सुभेदार खंदकाच्या बांधावर बसले. लेफ्टनंट घामाघूम होऊन समोर आली.

"साहेब, चहाला आले. तुम्हीच बोलावलं होतं."

सुभेदारांना हसू आवरेना. "मागचे खंदक रिकामे आहेत, हे कसं कळलं?"

"ड्रोनला अंगातली ऊब दिसते. पहाटेच्या गारठ्यात तुमची माणसं लखलखत होती. मागे सगळं थंडगार."

चहा आला. सुभेदारांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "टेकडी गेली गं."

"बरं झालं. आता तरी घरी या," ती म्हणाली.

कुणी जिवावरचं ओझं उतरवून ठेवावं तसं त्यांना हलकं वाटलं. आपण शिकवलं ते वाया गेलं नाही, याचा आनंद हरल्याच्या दुःखाहून मोठा होता. कप रिकामा करून ते उठले.

"टेकडी आता तुमची, मॅडम. राखायची वेळ आली की रिकाम्या खंदकांत निखाऱ्यांचे डबे ठेवा. वरून बघणाऱ्याला माणसंच वाटतील."

लेफ्टनंट थबकली. "आज तुम्ही ते ठेवले असते तर?"

"तर," सुभेदार बांध उतरता उतरता म्हणाले, "तिप्पट माणसं लागली असती."