हॉपरच्या दाराची मराठी

सुरतजवळच्या इच्छापोरच्या कारखान्यातल्या वीजघराचं माहितीपुस्तक जयश्री मराठीत आणत होती. वीजघराच्या गुजराती मेहतासाहेबांनी बजावलं होतं, मराठी कामगारांना कळलं तरच छापायचं.

तिचं 'धूम्रवायुवाहित सूक्ष्मरक्षा' ऐकून बॉयलरवरचे जुने खान्देशी कामगार धुडकूबाबा म्हणाले, "बेटा, हाई बॉयलरनं शे का सत्यनारायणनं?"

सगळ्यांबरोबर तीही हसली. मग कोळशाच्या पट्ट्यापासून चिमणीपर्यंत त्यांच्यासोबत हिंडली आणि कामगारांच्याच साध्या शब्दांत लिहीत गेली. भट्टीखाली पडते ती तळराख, धुराबरोबर जाते ती उडती राख, ती साठते तो नरसाळ्यासारखा हॉपर.

साहेबांनी नव्यानं कामाला लागलेल्या बळीरामला एक पान वाचायला दिलं. "काय समजलं?"

"उडत्या राखेचा हॉपर रिकामा अन् थंड झाल्याबिगर दार उघडायचं न्हाई. गरम राख पाण्यावानी अंगावर येती."

"छापी नाखो," साहेबांनी गुजरातीत छापून टाकायला सांगितलं.

"छापी नाखो," जयश्रीनं बाहेर येऊन हुबेहूब साहेबांच्याच आवाजात सगळ्या कामगारांना ऐकवलं.