डबीतल्या कॅप्सूल

क्रांती चौकातल्या माझ्या औषधाच्या दुकानात पडेगावच्या एक मावशी स्टीलची डबी घेऊन आल्या. गावाला जाताना ओझं नको म्हणून त्यांनी सगळ्या कॅप्सूल स्ट्रिपमधून काढून एकत्र भरल्या होत्या.

मी त्या निवडू लागलो. "ही मऊ, अखंड. आत तेलकट पातळ औषध असतं. ही कडक, दोन टोपणांची, बहुतेक पावडरची. हीसुद्धा कडकच, पण पारदर्शक भागातून दाणे दिसतात."

"व्हय, पण पित्ताची कोणची?"

"दाणे दिसले, तरी औषध कोणतं ते वरून नाय कळत, मावशी."

"म्हंजे इतकं निवडून आपण दोघंबी तिथंच," म्हणत त्या लई हसल्या. डबी बाजूला ठेवून त्यांनी पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि नवीन स्ट्रिपा न फोडता नेल्या.