सीडी उघडून बघायची राहिली

नंदाखाल गावातल्या एका छोट्या दवाखान्यातले दोन कॉम्प्युटर मी रविवारी जाऊन हौसेने सांभाळायचो. बंगळूरला नोकरी लागली तेव्हा कॉम्प्युटर बिघडला तर काय करायचं याची यादी तिथल्या सिस्टरसाठी लिहून ठेवली. आधी पेशंटचं फोल्डर सीडीवर घ्यायचं, मग डिस्क फॉरमॅट करून विंडोज टाकायचं, मग ड्रायव्हर आणि अँटिव्हायरस. इंटरनेटची वायर त्यानंतरच जोडायची. शेवटी दवाखान्याचा प्रोग्रॅम आणि ते फोल्डर परत.

पुढे मुख्य कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. सिस्टरनी यादीप्रमाणे सगळं केलं आणि मला फोन केला.

"अरे, सीडी कोरी दाखवतेय. फोल्डर टाकलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं."

त्या विंडोजमध्ये फोल्डर सीडीच्या खिडकीत ओढलं की तिथे दिसायचं, पण 'राइट' केल्याशिवाय सीडीवर उतरायचं नाही. म्हणून मी सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचो आणि मगच फॉरमॅट करायचो. हाताला इतकी सवय होती, की यादीत ते लिहिलंच नव्हतं.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," सिस्टर म्हणाल्या. खरं न सांगताच मी फोन ठेवला.

नाताळात घरी आलो तेव्हा सिस्टर पेशंटांकडचे जुने केसपेपर मागवून नोंदी पुन्हा भरत होत्या. एका आजीबाईंना कुठलं औषध सोसत नाही, हे कोणालाच आठवत नव्हतं. मी शेजारी बसलो आणि खरं काय ते सांगितलं.

त्यांनी केसपेपरांचा अर्धा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.