पिशव्या भरण्याआधीचा आकडा

नाशिकबाहेरच्या दूध डेअरीत मी प्रयोगशाळा सांभाळत असे. नव्वदच्या दशकात तिथे तपासणी म्हणजे वाट पाहणं. नमुना काचेच्या ताटलीत ओतायचा, उबेत ठेवायचा आणि जंतूंचे ठिपके दिसायला दोन दिवस थांबायचं. तोवर ते दूध लोकांच्या चहात पडून संपलेलंही असायचं.

पुढे एका उन्हाळ्यात दूध नासल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा व्यवस्थापकांनी हातात मावेल असं एक यंत्र आणलं. धुतलेल्या भागावर ओला बोळा फिरवायचा, तो नळीतल्या रसायनात बुडवून यंत्रात ठेवायचा. जिवंत पेशींत आणि अन्नाच्या अंशातही असणाऱ्या एटीपी नावाच्या द्रव्यामुळे काजव्यासारखा उजेड पडतो. जितकी घाण, तितका उजेड, तितका मोठा आकडा. सगळं मिनिटभरात.

एका दुपारी यंत्रं धुऊन झाली होती. पिशव्या भरणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी बोळा फिरवला, तर आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. मी भरणं थांबवायला सांगितलं.

उत्पादनाचे सुपरवायझर सटाण्याकडचे, कामाला पक्के. ते वैतागले. "मॅडम, आत्ताच धुतलंय. कालच्या ताटल्याही स्वच्छ होत्या ना?"

"त्या तीन दिवसांपूर्वीच्या दुधाच्या होत्या."

"आणि तुमचं यंत्र दुधाचा थेंबही जंतू म्हणून मोजतं!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. उजेडावरून जंतू कुठले, दूध कुठलं, हे कळत नाही. मी म्हटलं, "मग तोंड उघडून पाहू. आत काय आहे ते सूक्ष्मदर्शकात बघते."

रबरी वॉशरला तडा गेला होता आणि त्यामागे पिवळट साय चिकटून होती. तिचा किंचित अंश काचेवर पसरला, वाळवला, निळ्या रंगात बुडवला. भिंगाखाली गोल जंतूंच्या माळाच माळा दिसल्या. सुपरवायझरना बोलावलं. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले.

"हे जिवंत आहेत?"

"ते काच सांगत नाही. मेलेलेही असेच दिसतात. ताटल्या लावते, दोन दिवसांनी कळेल."

"नको तेवढं थांबायला," ते म्हणाले, आणि स्वतः नवा वॉशर बसवायला गेले. सगळं पुन्हा धुऊन काढलं, यंत्राने आता लहान आकडा दाखवला, आणि उशिरा का होईना, गाड्या निघाल्या. दुकानदारांचे फोन त्यांनीच घेतले.

दोन दिवसांनी मी लावलेली ताटली ठिपक्यांनी भरून गेली होती. ती त्यांना दाखवली. "मेलेले नव्हते तर," एवढंच ते म्हणाले.

तक्रारी कमी झाल्या. मला मात्र त्या यंत्राचा आंधळा भरवसा कधी वाटला नाही. लहान आकडा म्हणजे दूध निर्धोक, असा त्याचा अर्थ नव्हता. मोठा आकडा आला, तर पिशव्या भरण्याआधी थांबून पाहायला वेळ आहे, एवढंच ते यंत्र सांगायचं. आधीची वर्षं तो वेळच आमच्यापाशी नव्हता.