अंगठ्याचे टक्के

मला लहानपणापासून नसत्या चौकशा फार. म्हणून नवऱ्याच्या अपघात विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचणारी आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमधली मी एकटीच असेन. त्यात एक तक्ता होता. माणसाचे तुकडे आणि त्यांचे टक्के. उजवा अंगठा, दोन्ही पेरं गेली तर विम्याच्या रकमेचे पंचवीस टक्के; एक पेर गेलं तर दहा. खाली बारीक अक्षरात, अवयव कायमचा निकामी झाला तरी तो गेल्यातच जमा. मी सगळ्या घराची पेरं मोजत बसले. बोटांना तीन-तीन, अंगठ्याला दोनच! इतकी वर्षं हात वापरला, हे कधी मोजलंच नव्हतं.

आमचे हे उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. कापडाच्या थप्पीवर मशीन चालवताना ते घसरलं आणि उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. खालचं राहिलं, पण सांधा आखडून लाकूड झाला. शेठ सिंधी, मनाने वाईट नाही. म्हणाला, "मास्टर, हाथ चलेगा तो टेबल तुम्हारा ही है." झालं, त्या एका वाक्यावर आठ महिने हे घरात कात्री चालवत होते.

जखम भरली, आता आणखी सुधारणा नाही असं सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. मग विमा कंपनीने अंबरनाथला त्यांच्या डॉक्टरकडे तपासायला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, पेन उचला. यांनी उचललं. ग्लास उचला. उचलला, वर हसूनही दाखवलं! जसा काही समोर शेठच बसलाय. महिन्याभरात पत्र आलं: एक पेर गेलेलं, पकड समाधानकारक, दहा टक्के.

"अहो, तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला गेला होतात का?" मी भडकले.

"अगं, उचलता येतं तर येत नाही कसं सांगू?"

खोटं बोला असं मी म्हणत नव्हते. पण येतं म्हणजे कसं येतं? त्या दिवसापासून मी त्यांच्या हातावर डोळा ठेवला. चहाचा कप, चावी, कात्री. आणि एक दिवस दिसलं, कात्रीच्या अंगठ्याच्या कडीत पहिलं बोट होतं! दुसरी कडी तळहाताने रेटत होते. मी शिवणाचा निळा खडू कुटला, त्यांच्या अंगठ्याला चोपडला आणि म्हटलं, आता काय हवं ते उचला. कप, चावी, कात्री, सगळं कोरं. अंगठा मात्र निळाच्या निळा. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. हे नळाखाली हात धुवायला गेले.

कंपनीच्या तक्रार विभागाला मी लेखी कळवलं. एक्स-रे, सरकारी डॉक्टरांचा कागद जोडला आणि पुन्हा तपासा म्हटलं. महिन्यात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाईन, हेही लिहिलं. बोलावणं आलं, त्याच डॉक्टरांकडे.

मी पर्समधून खडूची पुडी काढली तेव्हा डॉक्टर जरा वैतागले. मग कुतूहल त्यांनाही आवरेना. पेन कोरं, ग्लास कोरा. खुर्ची पुढे ओढून त्यांनी यांना अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात एक कागद धरायला लावला आणि ओढला. अलगद निघून आला. पुन्हा धरा, म्हणाले. पुन्हा निघाला. तिसऱ्यांदा यांनी दात-ओठ खाऊन धरला. मला माहीत होतं, हे आता खरंच धरायचा प्रयत्न करतायत, आणि मी मनात म्हणत होते, निघू दे, निघू दे.

निघाला.

"मागच्या वेळी मी हात बघितला, अंगठा बघितलाच नाही," डॉक्टर सरळ म्हणाले. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "उजवा अंगठा, दोन्ही पेरं, उपयोग पूर्ण आणि कायमचा गेलेला."

पंचवीस टक्के मंजूर झाल्याचं पत्र पुढे आलंच. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा दवाखान्याचा जिना. हे अर्ध्यात थांबले.

"टेबल दुसऱ्याला द्या, असं शेठला तू सांगशील? मला नाही जमणार."

आठ महिने हा माणूस घरात काय करत होता, हे मी सगळं बारकाईने पाहिलं होतं. तरी मला कळलं नव्हतं. लाज वाटली मला.

घरी आल्यावर त्यांनी कात्री पुसून माझ्या शिलाई मशीनवर ठेवली. "वापर आता. धार चांगली आहे." मी वापरते. तिच्या कडीला त्यांनी वीस वर्षांपूर्वी अंगठ्याच्या मापाने दोरा गुंडाळला होता, तो अजून आहे. माझा अंगठा त्यात सैल पडतो.