सहदेवकाकांचे तीस सेकंद

आमच्या घाटकोपरच्या गल्लीत सहदेवकाका दोन गोष्टींसाठी फेमस. एक, त्यांचं मिठाईचं दुकान. दोन, गणपती मंडळाचा माइक. माइक हातात आला की आभार सुरू: मंडपवाले, लाइटवाले, तळमजल्यावरच्या आजी.

यंदा मात्र उकडीच्या मोदकांचं बुकिंगच नव्हतं. समोर एसीवालं नवं दुकान आलं होतं. मोदकांना कळ्या पाडायला कणकवलीहून आलेली त्यांची बहीण, वनमालाआत्या, रिकामी बसून होती. "चार दिवसांत ऑर्डर नाय इली तर मी जातंय गावाक," तिने सांगून टाकलं.

म्हणून रील. हिंदीत, कारण अर्धी गल्ली गुजराती. तीस सेकंदांच्या आत, कारण त्यापुढे कोणी थांबत नाही. शूटिंग माझ्याकडे, स्क्रिप्ट काकांची.

काका कॅमेऱ्यासमोर ताठ झाले. "सर्वप्रथम मैं ग्रामदेवता का, हमारे स्वर्गीय पिताजी का, दूधवाले पांडेजी का हार्दिक आभार..."

"काका, वेळ संपला."

"अरे, मोदक तर आलाच नाही!"

"तेच ना!"

"आभार नको मानू? लोक काय म्हणतील?"

"लोक स्क्रोल करतील."

काका रुसले. मग मी गल्ल्यावर चढून बसले, मान तिरकी केली, खांद्यावर फडका टाकला आणि गिऱ्हाइकाशी बोलणारे काका सुरू केले. आत्या हसून हसून पिठात कोसळायची बाकी होती.

"मी असो बोलतंय?" काका.

"असोच बोलतंस!" आत्या.

मी बोलले तेच लिहून काढलं:

"मॅडम, रुको! डाएट कल से। ये मोदक स्टीमवाला है, फ्राइड नहीं। अंदर फ्रेश नारियल और गुड़, ऊपर से घी फुल। फ्रिज में मत रखना, हार्ड हो जाएगा। सुबह बनेगा, उसी दिन खाओ। इसलिए एडवांस बुकिंग कंपल्सरी। लास्ट मिनट फोन किया तो मुझे सॉरी बोलना पड़ेगा, और सॉरी बोलना मुझे बिलकुल पसंद नहीं। सहदेव मिठाई, घाटकोपर। ऑर्डर कर दो ना!"

एकही शब्द शुद्ध नाही म्हणून काका कुरकुरले. "कंपल्सरीला अनिवार्य म्हणू?"

"गिऱ्हाइकाला कधी अनिवार्य म्हणालात?"

"छे! पळून जाईल."

दुसऱ्या टेकला सत्तावीस सेकंद. 'सॉरी'वर त्यांनी असं तोंड वाकडं केलं की मी मोबाइल जवळजवळ पाकात टाकला.

रात्री टाकलं. सकाळी शटर उघडायच्या आधी फोन वाजत होता. पहिली ऑर्डर पंतनगरच्या सोसायटीची, मग एका शाळेची, मग एक बेन थेट दुकानात येऊन म्हणाल्या, "काका, वो सॉरीवाला फेस करो ना!"

काकांनी केला. पुढच्यालाही केला. संध्याकाळी आत्याने आतून ओरडून सांगितलं, "दादा, आता फोन बंद कर! माका दोनच हात आसत."

काकांनी फोन कानाला लावला, आवाज अगदी साखरेसारखा केला आणि म्हणाले, "सॉरी, मॅडम."

एकदम खूश होते.